अडकलेला हीटर प्लग: राहू द्यावा, मुरवून काढावा, ड्रिल करावा की हेड उतरवावं?

स्कॅनर लावला, P0673 आला, म्हणजे तीन नंबरच्या सिलिंडरचा हीटर प्लग गेला. नवा प्लग हजाराच्या आत-बाहेर मिळतो. इथपर्यंत सगळं सोपं असतं. मग मेकॅनिक बॉक्स पाना लावतो, जरा जोर देतो, पाना काढून ठेवतो आणि फडक्याला हात पुसत तुमच्याकडे येतो. "जाम आहे. तुटला तर जबाबदारी तुमची." हजाराचं काम तीस हजारांवर जायची शक्यता त्याच घडीला तयार होते, आणि बहुतेक गाडीमालक तिथेच घाईत "बघा, काढा कसाही" म्हणून मोकळे होतात.

माझं गॅरेज कळव्यात आहे. डिझेल गाड्यांचं काम जास्त येतं, आणि असे प्लग वर्षातून दहा-बारा वेळा तरी समोर येतात. गाडीमालकापुढे वाटा चार: प्लग आहे तसा राहू द्यायचा, तीन-चार दिवस घेऊन हळूहळू सोडवायचा, ड्रिलच्या खास किटवाल्याला बोलवायचं, नाहीतर सरळ हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उतरवून मशीन शॉपला पाठवायचं. चारही वाटा कुठे ना कुठे बरोबर असतात. कोणती कधी, ते सांगतो.

मुळात अडकतो कुठे

हीटर प्लग म्हणजे बोटाएवढी लांब सळई. वर वायरचं टोक, त्याखाली पाना बसायचा षटकोन, मग आटे. आट्यांखाली गुळगुळीत अंग आणि अंगाच्या शेवटी उतरती कड. ही कड हेडमधल्या तशाच उतरत्या बैठकीवर दाबून बसते आणि ज्वलनाचा दाब अडवते. कडेच्या खाली पेन्सिलीपेक्षा बारीक नळी, तीच तापते, आणि तिचं टोक सिलिंडरमध्ये डोकावतं.

अडकायच्या जागा दोन. पहिली आटे. प्लग पोलादाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं, आणि वर चार महिने पाऊस, बारा महिने खाडीची दमट हवा. दोन वेगळ्या धातूंच्या मध्ये ओल शिरली की अ‍ॅल्युमिनियम फुलून पांढरी पूड होते आणि आटे सिमेंट घातल्यासारखे धरून बसतात. दुसरी जागा नळीभोवतीची फट. तिथे काजळी भरते, तापून तापून दगड होते. रोज घोडबंदरवरून ठाणे स्टेशनपर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणाऱ्या गाडीत ही काजळी जास्त, हे मी डोळ्यांनी बघतो. तीच गाडी महिन्यातून दोनदा नाशिकला जाऊन येत असेल तर प्लग निघतो तेव्हा नळी बरीच स्वच्छ असते.

कुठे अडकलाय, ते पाना सांगतो. अजिबात हलत नाही, दगडासारखा आहे, म्हणजे आटे. पाव फेरा सैल झाला आणि मग किर्रर्र आवाज करत पुन्हा घट्ट झाला, म्हणजे काजळी वर येऊन फटीत दाटतेय. आटे पूर्ण सुटले, प्लग बोटाने गोल फिरतो पण वर येत नाही, म्हणजे खालची नळी फुगलीय किंवा काजळीत चिकटलीय. तुमच्या मेकॅनिकने नुसतं "जाम आहे" म्हटलं तर यातलं कोणतं, हे विचारून घ्या. पुढचे खर्च त्यावर ठरतात.

पहिली वाट: हात न लावणं

हिच्याबद्दल कुणी बोलत नाही, कारण यात कुणालाच पैसे मिळत नाहीत. पण ठाण्यात ही वाट खरोखर विचारात घेण्यासारखी आहे. हीटर प्लगचं मुख्य काम थंड इंजिन चालू करणं. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटेही पारा पंधरा अंशांखाली क्वचितच जातो. कॉमनरेल डिझेल गाडी या हवेत चारपैकी तीन प्लगवर, पुष्कळदा दोनवरही, पहिल्या सेल्फला चालू होते. सुरुवातीची काही सेकंदं इंजिन थोडं थरथरेल, पांढरा धूर येईल, मग काही नाही.

मात्र तीन गोष्टी तपासा. एक, गाडी बीएस-४ आहे की एप्रिल २०२० नंतरची बीएस-६? बीएस-६ गाडीत धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो, आणि बऱ्याच मॉडेलांत प्लगचा फॉल्ट असेल तर फिल्टर स्वतःला जाळून साफ करायचं काम थांबवतो. तिथे हजाराचा प्लग टाळता टाळता फिल्टर भरून बसेल. दोन, प्लगच्या बुडाशी काळं, ओलसर, डांबरासारखं काही जमलंय का, किंवा थंड इंजिन चालू केल्यावर फुस्-फुस् आवाज येतोय का? असेल तर बैठकीतून दाब गळतोय. असा प्लग राहू देता येत नाही; काजळी रोज थोडी थोडी वर चढत राहते आणि दर महिन्याला काम अवघड होत जातं. तीन, प्लगची नळी फुगून तडकलेली असू शकते. तिचं टोक तुटून सिलिंडरमध्ये पडलं तर पिस्टनवर खड्डा पाडतं. बाहेरून हे दिसत नाही. इंजेक्टर काही कारणाने निघालाच असेल तर त्या भोकातून बारीक कॅमेरा घालून बघता येतं, एरवी तो धोका पत्करावा लागतो.

गाडी बीएस-४, एकच प्लग गेलेला, गळती नाही, आणि वर्षा-दोन वर्षांत विकायचीच आहे, तर मी स्वतः राहू देईन. डॅशबोर्डवरचा दिवा तेवढा खटकत राहतो.

दुसरी वाट: मुरवून काढणं

ही माझी आवडती वाट आहे, त्यामुळे थोडा पक्षपात होईल, तो धरून वाचा.

मागच्या थंडीत कोलशेतच्या एक शिक्षिका गाडी घेऊन आल्या. बीएस-४ हॅचबॅक, एक लाख सोळा हजार किलोमीटर, कोड तोच, P0673. मल्टिमीटर लावला. एक, दोन आणि चार नंबरचे प्लग एक ओहमच्या जरासे खाली, म्हणजे ठणठणीत. तीन नंबर पूर्ण उघडा, आतली तार तुटलेली. तीन नंबरच्या बुडाशी काळपट कडं दिसत होतं. त्यांना आधी दुसरीकडे हेड उतरवायला सांगितलं होतं, तीस हजारांच्या अंदाजाने.

"दादा, एका दिवसात होईल का? सोमवारी शाळा आहे."

"मॅडम, एका दिवसात तुटेल. चार दिवस दिलेत तर बहुतेक निघेल. आणि गाडी रोज घरी घेऊन जा, मला ती चालवलेलीच हवी आहे."

बुडाशी कडं होतं म्हणून राहू द्यायची वाट बंद झाली होती. मग काम असं झालं.

शुक्रवारी संध्याकाळी इंजिन गार असताना प्लगच्या खड्ड्यातली धूळ आधी हवेने आणि बारीक ब्रशने साफ केली. हे विसरलं तर प्लग निघाल्यावर तीच वाळू सिलिंडरमध्ये जाते. मग गंज सोडवणारं पातळ तेल आट्यांच्या वरच्या कडेला, दोन-तीन थेंब, दहा मिनिटांनी पुन्हा. खड्डा भरेपर्यंत ओतायचं नाही. जास्तीचं तेल गरम इंजिनवर नुसता धूर करतं. शनिवारी मॅडम गायमुखपर्यंत जाऊन आल्या, संध्याकाळी पुन्हा तेल. रविवारी तेच. तापणं आणि गार होणं हाच खरा कारागीर आहे. गार होताना आकसणाऱ्या धातूंच्या फटीत तेल खेचलं जातं. एकाच दिवशी अख्खा डबा ओतून हे होत नाही.

इथे तेलाची मर्यादाही सांगतो. उतरती कड बैठकीवर दाबून बसलेली आहे, तोवर वरचं तेल खालच्या नळीपर्यंत पोचतच नाही. म्हणजे तेल आट्यांसाठी. नळीभोवतीच्या काजळीपर्यंत ते पोचेल पहिला पाव फेरा सुटल्यावर, आणि म्हणून त्या पाव फेऱ्यानंतर थांबायचं असतं.

सोमवारी शाळा सुटल्यावर मॅडम गाडी थेट गॅरेजला घेऊन आल्या. इंजिन पूर्ण तापलेलं. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे गरम हेडमधलं भोक प्लगपेक्षा जास्त मोठं होतं. किती? दहा मिलिमीटरच्या आट्यांना साठ अंश चढल्यावर मिलिमीटरच्या हजार भागांतले सहा-सात भाग. ऐकायला काहीच नाही, पण चिकटलेला थर तडकायला तेवढं पुरतं.

आता सगळ्यात महत्त्वाचा आकडा. प्लग कितीला तुटतो, हे प्लग बनवणारेच सांगतात. साधारण मर्यादा अशी: आठ मिलिमीटरचे आटे असतील तर २० न्यूटन मीटर, दहाचे असतील तर ३५, बाराचे असतील तर ४५. त्याच्या वर षटकोनाखालची मान पिळवटते. ३५ म्हणजे किती? वीत-दीड वीत लांब हँडलवर पंधरा किलोचा दाब. धडधाकट माणूस सहज देतो, आणि म्हणूनच हाताच्या अंदाजाने काढलेले प्लग तुटतात. मॅडमच्या गाडीत दहाचे आटे होते, म्हणून माझी भिंत ३५.

किती जोर दिला ते मोजणारा पाना म्हणजे टॉर्क रेंच. तो घेतानाही एक गोम आहे. 'टक' वाजणारे बरेचसे स्वस्त रेंच फक्त घट्ट करायच्या दिशेलाच वाजतात. उलट्या दिशेला तो साधा दांडा होतो, आणि तुम्ही त्याच्या भरवशावर पन्नास देऊन मोकळे होता. दोन्ही दिशांना चालतो का, ते वायसमध्ये एक बोल्ट धरून आधी तपासा, किंवा काट्याचा घ्या.

षटकोनावर आणि शेजारी हेडवर पांढऱ्या पेंटची एकेक रेघ मारली, समोरासमोर. लांब एक्स्टेन्शन लावलं की तेच पिळतं, हँडल बोटभर सरकतं आणि प्लग हलल्याचा भास होतो. खरं काय ते रेघ सांगते.

आधी घट्ट करायच्या दिशेला हलका झटका, दहाच्या आत. त्याने जुना थर मोडतो. मग सोडायच्या दिशेला २०, काही नाही. २५, काही नाही. ३०, रेघ तिथेच. ३० वर दहा सेकंद धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. पोरगा म्हणाला, "भाऊ, थोडं अजून दिलं तर?" मी रेंच काढून ठेवला. पुन्हा तेल, आणि गाडी घरी.

मॅडमचा चेहरा पडला होता. पण ३५ च्या भिंतीआधी परतणं म्हणजे काहीही न गमावता परतणं. मंगळवारी पुन्हा गरम गाडी, ३० वर काही नाही, ३२ ला आतून सुकी फांदी मोडावी तसा 'कट' आवाज आला आणि काटा झर्रकन १५ वर उतरला. रेघा वेगळ्या झाल्या.

सुटणं आणि तुटणं यातला फरक इथेच ओळखायचा. सुटतो तेव्हा आवाज करतो आणि जोर एकदम कमी लागतो. मान पिळवटते तेव्हा आवाज नसतो. गरम चिक्की ओढावी तसं मऊ, चिवट लागतं, रेघ सरकत राहते पण जोर तेवढाच लागतो. असं लागलं की त्या क्षणी हात काढायचा. एकदा पिळवटलेली मान दुसऱ्या प्रयत्नात वीसलाही जाते.

पाव फेरा सोडून थांबलो. तेल. आता ते बैठकीच्या खाली उतरू शकतं. अर्ध्या तासाने पाव फेरा पुढे, अष्टमांश मागे, पुन्हा पुढे. किर्रर्र आवाज आला की मागे. काजळीचे कण आट्यांत दळले जात असतात. तसंच पुढे रेटलं तर अ‍ॅल्युमिनियमचे आटे प्लगबरोबर खरवडून येतात. एका फेऱ्याला एक मिलिमीटर वर, असे दहा-अकरा फेरे. पाऊण तास लागला. निघाला तेव्हा नळीवर कोळशाचं जाड कडं होतं आणि टोक जोंधळ्याएवढं फुगलेलं.

काम इथे संपत नाही, आणि घाईतली गॅरेजं नेमकं इथेच संपवतात. भोकात काजळी शिल्लक असते. तशात नवा प्लग बसवला तर कड बैठकीवर नीट टेकत नाही, दाब गळतो, आणि दोन वर्षांनी हीच कथा. प्लगच्या मापाचा रीमर, म्हणजे भोक खरवडून साफ करायचं खाचांचं हत्यार, मिळतो; त्याच्या खाचांत घट्ट ग्रीस भरून हाताने फिरवायचा, म्हणजे काजळी खाली न पडता ग्रीसला चिकटून वर येते. काढ, पूस, ग्रीस भर, पुन्हा घाल. तीन नंबरला पाच वेळा केलं तेव्हा ग्रीस स्वच्छ आलं. नवा प्लग आधी बोटांनी, शेवटपर्यंत. बोटांनी जात नसेल तर आटे अजून साफ नाहीत. मग १५ न्यूटन मीटर, बस. आठच्या आट्यांना साधारण १०, बाराच्यांना २२. तुमच्या गाडीच्या पुस्तकात वेगळं असेल तर पुस्तक खरं. काढताना त्रास झाला म्हणून बसवताना सैल ठेवणं आणि "परत गळायला नको" म्हणून जास्त आवळणं, दोन्ही चुका मी पाहिल्या आहेत. दुसरी जास्त.

एक युक्ती तुम्हाला कुणीतरी सांगेल: बॅटरीची बारा व्होल्टची वायर थेट प्लगला लावून तो चार-पाच मिनिटं तापवा, काजळी भाजून सुटते. युक्ती खरी आहे, पण दोन अटींवर. प्लग जिवंत हवा, तार तुटलेला प्लग तापणारच नाही. म्हणजे जो काढायचाय त्यालाच बहुधा लागू नाही. आणि प्लग अकरा-बारा व्होल्टचा हवा. नव्या गाड्यांत चार-पाच किंवा सात व्होल्टचे असतात, ते बारावर काही सेकंदांत जळतात. अंगावर व्होल्ट छापलेले असतात.

साध्या इम्पॅक्ट गनने "टर्रर्र" करून काढणाऱ्यांबद्दल काय बोलावं? कमी ताकदीची, कंपनं देणारी खास गन असते, तिचा उपयोग होतो. चाकाच्या नटांची गन वेगळी.

या वाटेचा हिशोब: पैसे कमी, दिवस जास्त. सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः करायचं म्हटलं तर तेल आणि फेऱ्यांचा भाग तुम्ही घरीच करू शकता, त्याला कुणाची हरकत नसते, आणि सोडवायच्या दिवशी गाडी चालवत गॅरेजला न्या. बेलापूर, नेरूळकडचे काही जण असंच करतात. पामबीचवरून एक चक्कर आणि थेट गॅरेज.

तिसरी वाट: तुटल्यावर, किंवा तुटणार हे दिसल्यावर, ड्रिल

समजा तुटला. षटकोन हातात आला, आटे आणि नळी हेडमध्ये. पहिली गोष्ट: गाडी टो करायची घाई नको. उतरती कड बैठकीवर अजून दाबलेली आहे, नळी शाबूत असेल तर दाब गळत नाही, इंजिन पूर्वीसारखंच चालतं. आवाज किंवा गळती नसेल तर गाडी चालवत दुसरीकडे नेता येते. पण सैल करता करता, म्हणजे दोन-तीन फेऱ्यांनंतर तुटला असेल, तर कड उचललेली आहे. तेव्हा इंजिन चालू करू नका.

दुसरी गोष्ट: ज्याने तोडला त्यालाच हातड्रिलने "बघतो जरा" करू देऊ नका. त्याची दानत चांगली असेल, पण प्रश्न दानतीचा नसून मध्यबिंदूचा आहे. तुटलेली मान कधीच सपाट नसते. ड्रिलचं टोक पोलादावरून घसरून मऊ अ‍ॅल्युमिनियममध्ये जातं. एका बाजूचे आटे खाल्ले जातात, अजून खोल गेलं तर बैठक, आणि भिंतीपलीकडे पाण्याची वाट असते.

किटवाला वेगळं काय करतो? तुटलेल्या प्लगवर बरोबर मध्यावर बसणारी पोलादी मार्गदर्शक नळी असते, तिच्यातून ड्रिल सरळच जातो. आधी प्लगच्या मधली सळई काढतो. मग टप्प्याटप्प्याने मोठे ड्रिल घेत प्लगचं कवच इतकं पातळ करतो की हेडच्या आट्यांना न दुखवता ते सुटून येतं. राहिलेल्या नळीत आतून आटे पाडतो आणि त्यात स्क्रू बसवून ओढायच्या हत्याराने सरळ वर खेचतो. शेवटी आट्यांतून टॅप फिरवून बैठक कटरने साफ करतो.

अवघड भाग ड्रिलिंग नाही, कीस आहे. पोलादाचा कीस सिलिंडरमध्ये राहिला तर भिंतीवर ओरखडे काढतो. म्हणून ड्रिलच्या टोकाला ग्रीस, दर काही फेऱ्यांनी बाहेर काढून पुसणं, आणि शेवटी त्या सिलिंडरचा इंजेक्टर काढून तिथून बारीक नळीच्या व्हॅक्युमने ओढणं. इथे आणखी एक मेख: इंजेक्टरही अडकलेला असू शकतो. त्याच्या तांब्याच्या वायसरमधून गळून काळं डांबर जमलं असेल, तर एका अडकलेल्या वस्तूच्या दोन होतात. हे किटवाल्याला आधीच दाखवा.

मी स्वतः हे काम करत नाही. तुर्भ्याच्या एका कारागिराला बोलावतो, तो किट घेऊन गॅरेजला येतो. त्याला विचारायचे प्रश्न तीनच. कीस कसा काढणार? काम झाल्यावर कॅमेऱ्याने पिस्टनचा माथा दाखवणार का? आणि नळीचं टोक आत पडलं तर पुढे काय, कुणाच्या खर्चाने? तिसऱ्या प्रश्नावर जो गडबडतो त्याला मी गाडी देत नाही. प्रामाणिक कारागीर सरळ सांगतो: पडलं तर कॅमेरा आणि चुंबकाने शोधू, नाही मिळालं तर हेड उतरवावं लागेल, आणि ते तुमच्या खर्चाने.

खर्च मुरवण्याच्या कित्येक पट, हेड उतरवण्याच्या मात्र बराच खाली, आणि वेळ बहुधा एक दिवस.

दोन वर्षांपूर्वीची एक एसयूव्ही आठवते. दुसऱ्या गॅरेजमध्ये तुटलेली, वर हातड्रिलने तिरपं भोक पाडलेलं. तुर्भ्याचा कारागीर वाकून टॉर्चने पाच मिनिटं बघत राहिला आणि म्हणाला, "शेठ, हा माझा राहिला नाही. ड्रिलची नळी मध्यावर बसणारच नाही. हेड काढा." प्लग तुटल्याच्या दिवशीच त्याला बोलावलं असतं तर निघाला असता.

चौथी वाट: हेड उतरवणं

हेड टेबलावर आलं की बऱ्याच भीत्या संपतात. कीस कुठे पडतो याची चिंता नाही, खालून नळीचं टोक दिसतं, खालूनही ठोकता येतं, आणि वागळे इस्टेटमधल्या मशीन शॉपवाल्याकडे हेड मिलिंग मशीनवर घट्ट बांधून ड्रिल बरोबर मध्यावर नेता येतो. आटे गेलेच असतील तर तो मोठे आटे पाडून पोलादी इन्सर्ट बसवतो. तिरपं झालेलं भोक सरळ करायचं असेल तर हीच एक वाट.

पण तुम्ही पैसे मोजता ते प्लगचे नाहीत, आजूबाजूचे आहेत. हेड गॅस्केट नवं, आणि डिझेलमध्ये त्याच्या जाड्या वेगवेगळ्या असतात. पिस्टन ब्लॉकच्या किती वर येतो त्यावर जाडी ठरते, जुन्या गॅस्केटच्या कडेला खाचा असतात त्या मोजून तसंच घ्यायचं. हेड बोल्ट बहुतेक गाड्यांत एकदाच वापरायचे, ताणले जाणारे. टायमिंग चेन किंवा बेल्ट सुटतो आणि पुन्हा बसवावा लागतो. कूलंट, ऑइल, मॅनिफोल्डची गॅस्केटं. यातली एक जरी गोष्ट वाचवली तर सहा महिन्यांत पाणी तेलात. म्हणून "प्लगसाठी हेड उतरवलं, बोल्ट जुनेच घातले" असं कुणी अभिमानाने सांगितलं तर मी त्या गाडीचा कूलंट आधी बघतो.

ही वाट पहिल्या दिवशीच बरोबर ठरते ती एकाच वेळी: हेड दुसऱ्या कारणाने उतरणारच आहे. कूलंट कमी होतंय, टायमिंग चेन खडखडतेय, वाल्व गळतायत. असं असेल तर प्लगवर एक मिनिटही घालवू नका. गाडीत हलवायचा प्रयत्न करून तुटलेला प्लग मशीन शॉपवाल्यालाही जास्त वेळ खातो. न छेडलेला त्याला आवडतो.

मग ठरवायचं कसं

मी गाडीमालकाला आधी गाडीचं उरलेलं आयुष्य विचारतो. गाडी तेरा-चौदा वर्षांची, पंधराव्या वर्षी पासिंग करायचं की नाही हेच ठरलेलं नाही, अशा गाडीवर तीस हजार घालणं मला पटत नाही. बीएस-४ आणि गळती नसेल तर राहू द्या. गळती असेल तर मुरवा, तुटलाच तर किटवाला. हेड नको. सात-आठ वर्षांची, अजून पाच वर्षं चालवायचीय, तर मुरवूनच सुरुवात करा, आणि किटवाल्याचा नंबर सुरुवातीलाच घेऊन ठेवा, तुटल्यावर नाही. बीएस-६ असेल तर राहू द्यायची वाट बहुधा नाहीच.

मग विचारतो, गाडी किती दिवस अडकून राहिली तर चालेल. टॅक्सीवाल्याला चार संध्याकाळी देणं परवडत नाही. त्याला मी स्पष्ट सांगतो की घाई केलीस तर तुटायची शक्यता तू विकत घेतोयस, तर आजच किटवाल्याला समोर उभा करून प्रयत्न करू, म्हणजे तुटला तर तासाभरात ड्रिल सुरू.

आणि एक सूचना जिच्यावर माझी गिऱ्हाइकं नाराज होतात: एक प्लग गेला म्हणून चारही बदलायचा आग्रह धरू नका, जर बाकीचे तीन जाम असतील तर. जिवंत, न गळणारा, अडकलेला प्लग छेडणं म्हणजे हाताने संकट ओढवून घेणं. मॅडमच्या गाडीत मी चारही गरम इंजिनवर तपासले. एक आणि चार नंबर २० च्या आत सुटले, ते बदलले. दोन नंबर ३० ला हलला नाही. मल्टिमीटरवर चांगला दाखवत होता, बुडाशी कोरडा होता. त्याच्या आट्यांवर तेलाचे दोन थेंब सोडले, वायर परत लावली, आणि बिलावर लिहून दिलं: "दोन नंबर जुनाच आहे, जाम आहे, छेडलेला नाही." पुढचा मेकॅनिक रेंच लावायच्या आधी ते वाचेल.